काल्मन फिल्टर: गेन नेमकं कुणाचं ऐकतो?

काल्मन फिल्टर म्हणजे हिशोबानं केलेलं भाकीत आणि सेन्सरचं रीडिंग एकत्र करून चांगला अंदाज बांधायची पद्धत. ती पहिल्यांदा शिकणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक चित्र तयार होतं: फिल्टर येणारी रीडिंग न्याहाळतो, सेन्सर उड्या मारू लागला की त्याच्यावरचा विश्वास कमी करतो, मग सेन्सर शहाण्यासारखा वागू लागला की पुन्हा वाढवतो. चित्र छान आहे, पण साध्या काल्मन फिल्टरच्या बाबतीत ते चूक आहे. त्याचा गेन, म्हणजे सेन्सरचं किती ऐकायचं ते ठरवणारा आकडा, बदलतो हे खरं, पण तो रीडिंग पाहून बदलत नाही. मग कशावरून बदलतो, हे एकदा हातानं आकडे मांडून पाहिलं की बाकीचं आपोआप उलगडतं. म्हणून या लेखात मॅट्रिक्स जवळजवळ नाहीत. एक टाकी, एक पंप आणि एक सेन्सर एवढ्यावर आपण सगळं करणार आहोत.

मांडणी

टाकीत पंपानं पाणी चढतं आहे. पंप चालू असताना पातळी मिनिटाला साधारण २ सेंमी वाढते, हे आपल्याला आधीच्या अनुभवावरून माहीत आहे. टाकीच्या झाकणाला खाली तोंड करून अल्ट्रासॉनिक सेन्सर बसवला आहे. तो आवाजाची लहर सोडतो, प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि त्यावरून पाण्याचं अंतर काढतो. पण पंप चालू असताना पाणी हिंदकळतं, त्यामुळे रीडिंग खऱ्या पातळीच्या आजूबाजूला ३ सेंमी इकडेतिकडे होतं. रीडिंग दर मिनिटाला एक येतं.

आपल्याकडे माहितीचे दोन स्रोत आहेत आणि दोघांच्या चुकांचा स्वभाव वेगवेगळा आहे. पंपाचा हिशोब गुळगुळीत असतो, पण त्याची चूक साठत जाते. दर मिनिटाला अर्ध्या सेंटिमीटरची गल्लत झाली, तर तासाभरानं आपण बरेच भरकटलेले असतो. सेन्सरची चूक मोठी असते, पण ती साठत नाही. साठावं रीडिंग पहिल्या रीडिंगइतकंच चांगलं किंवा वाईट असतं. एक हळूहळू भरकटतो, दुसरा थरथरतो पण जागा सोडत नाही, म्हणूनच या दोघांना एकत्र आणण्यात फायदा आहे.

दोन आकडे, एक अंदाज

आधी वेळ विसरू या आणि एकाच क्षणाकडे पाहू. पंपाचा हिशोब म्हणतो की पातळी ५८.६ सेंमी आहे. सेन्सर म्हणतो ५६. खरं काय मानायचं?

उत्तर दोघांच्या मध्ये कुठेतरी असणार. किती मध्ये, हे ठरवण्यासाठी प्रत्येकाची अनिश्चितता आकड्यात हवी. त्यासाठी व्हेरिअन्स वापरतात, म्हणजे चुकीच्या वर्गाची सरासरी. सेन्सरची चूक साधारण ३ सेंमी, म्हणजे व्हेरिअन्स ९. याला `R` म्हणतात. पंपाच्या हिशोबाचा व्हेरिअन्स या क्षणी ८.५ आहे असं धरू. तो कुठून आला ते पुढे येईलच. त्याला `P` म्हणतात.

आता हिशोबाच्या आकड्यापासून सेन्सरच्या आकड्याकडे आपण `K` इतका भाग सरकायचं ठरवलं. `K` शून्य असेल तर जागचे हललो नाही, १ असेल तर थेट सेन्सरच्या आकड्यावर जाऊन बसलो. नव्या अंदाजात हिशोबाच्या चुकीचा (१ − K) भाग येतो आणि सेन्सरच्या चुकीचा K भाग. दोन्ही चुकांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर नव्या अंदाजाचा व्हेरिअन्स असा होतो:

```
(1-K)^2 * P + K^2 * R
```

कागदावर दोनचार किमती घालून पाहा. K = ०.३ ठेवला तर सुमारे ५ येतात. K = ०.८ ठेवला तर ६.१. मध्ये कुठेतरी तळ आहे आणि तो नेमका इथे सापडतो:

```
K = P / (P + R)
```

आपल्या आकड्यांत K = ८.५ / १७.५, म्हणजे ०.४९. नवा अंदाज ५७.३ सेंमी आणि त्याचा व्हेरिअन्स ४.४. म्हणजे चूक साधारण २.१ सेंमी. हा आकडा दोन्ही मूळ आकड्यांपेक्षा लहान आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे. साधारण ३ सेंमीनं चुकणारे दोन स्रोत एकत्र आणले आणि त्यातून दोघांपेक्षा चांगला अंदाज निघाला. वाईट स्रोतसुद्धा योग्य वजनानं घेतला तर नुकसान करत नाही, त्याच्यामुळे थोडी का होईना भरच पडते.

हा `K` म्हणजेच काल्मन गेन. सूत्रात पाहा: त्यात P आहे आणि R आहे. रीडिंग कुठेच नाही.

मिनिटामिनिटानं

आता वेळ परत आणू. दर मिनिटाला दोनच कामं करायची. आधी भाकीत: अंदाजात पंपाचे २ सेंमी मिळवायचे आणि अनिश्चिततेत पंपाच्या हिशोबाची एका मिनिटाची चूक मिळवायची. या दुसऱ्या आकड्याला `Q` म्हणतात. मिनिटाला पंपाची वाढ अर्ध्या सेंटिमीटरनं इकडेतिकडे होते असं धरलं तर Q = ०.२५. मग दुरुस्ती: रीडिंग आणि भाकीत यांतली तफावत काढायची, तिला K नं गुणायचं, तेवढं सरकायचं आणि P कमी करायचा. पायथनमध्ये एवढंच:

```python
x, P = 50.0, 100.0
Q, R, u = 0.25, 9.0, 2.0
readings = [57, 56, 61, 60]

for z in readings:
    x = x + u
    P = P + Q
    if z is not None:
        K = P / (P + R)
        x = x + K * (z - x)
        P = (1 - K) * P
```

सुरुवातीला टाकीत डोकावून आपण "पन्नासेक सेंमी असेल" असं म्हटलं, पण त्यात १० सेंमीची चूक सहज असू शकते. म्हणून x = ५०, P = १००. आता चार मिनिटं हातानं चालवू. प्रोग्रॅम लिहिण्याआधी हे एकदा कागदावर करा, खरंच करा, कारण P चा प्रवास डोळ्यांसमोरून जाणं महत्त्वाचं आहे.

पहिलं मिनिट. भाकीत ५२, P झाला १००.२५. रीडिंग आलं ५७. K = १००.२५ / १०९.२५ = ०.९२. फिल्टरनं सेन्सरचं जवळजवळ सगळं ऐकलं आणि अंदाज ५६.६ वर नेला. सेन्सर चांगला आहे म्हणून नव्हे. आपला सुरुवातीचा अंदाज फारच कच्चा होता म्हणून. दुरुस्तीनंतर P एकदम ८.२६ वर आला.

दुसरं मिनिट. भाकीत ५८.६, P = ८.५१. हाच तो वरचा ८.५. रीडिंग ५६, K = ०.४९, अंदाज ५७.३, P = ४.३७.

तिसरं मिनिट. भाकीत ५९.३, P = ४.६२. रीडिंग ६१, K = ०.३४, अंदाज ५९.९, P = ३.०५.

चौथं मिनिट. भाकीत ६१.९, P = ३.३०. रीडिंग ६०, K = ०.२७, अंदाज ६१.४, P = २.४२.

सेन्सरची रीडिंग ५७, ५६, ६१, ६० अशी उड्या मारत होती. अंदाज मात्र ५६.६, ५७.३, ५९.९, ६१.४ असा चढत गेला. दरम्यान K ०.९२ वरून ०.२७ वर उतरला. हेच चालू ठेवलं तर K ०.१५३ वर येऊन थांबतो आणि दुरुस्तीनंतरचा P १.३८ वर. तिथे थांबण्याचं कारण सोपं आहे. दर मिनिटाला भाकिताच्या वेळी Q मुळे ०.२५ अनिश्चितता वाढते आणि दुरुस्तीच्या वेळी तेवढीच कमी होते. आवक आणि जावक जुळली. १.३८ म्हणजे साधारण १.१७ सेंमीची चूक. सेन्सर एकटा ३ सेंमीनं चुकत होता.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मागची सगळी रीडिंग कुठेही साठवलेली नाहीत. फक्त x आणि P हे दोन आकडे पुढे जातात, मागचं सगळं त्यांत मुरलेलं असतं. रुडॉल्फ काल्मन यांचा मूळ शोधनिबंध १९६० सालचा. नासाच्या एम्स केंद्रातल्या स्टॅनली श्मिट यांनी त्यातली उपयुक्तता लगेच हेरली आणि ही पद्धत अपोलो यानांच्या दिशादर्शनात उतरली. त्या काळच्या छोट्याशा संगणकाला जुन्या मोजमापांचा ढीग सांभाळणं झेपलं नसतं, त्यामुळे हा गुण तिथे फारच मोलाचा होता.

मग गेन "जुळवून घेतो" म्हणजे काय?

वरच्या चार मिनिटांत रीडिंग कोणतीही आली असती, अगदी ७५ किंवा ४० आली असती, तरी K चे आकडे तेच आले असते. विश्वास बसत नसेल तर कोडमध्ये रीडिंग बदलून K छापून पाहा. K ची पूर्ण यादी सेन्सर जोडण्याआधीच तयार करून ठेवता येते.

मग K एकदा ०.१५३ वर स्थिरावला की उरलं काय? खरं सांगायचं तर, त्यानंतर हा फिल्टर म्हणजे पंपाचा हिशोब जोडलेली भारित सरासरी असते, आणि K = ०.१५३ थेट लिहून टाकलात तरी उत्तर तेच येईल. काल्मनचं वेगळेपण दिसतं ते परिस्थिती बदलते तेव्हा.

समजा सेन्सरची वायर सैल झाली आणि वीस मिनिटं एकही रीडिंग आलं नाही. कोडमधला `if` तेव्हा दुरुस्ती वगळतो, पण भाकीत चालूच राहतं आणि P दर मिनिटाला ०.२५ नं वाढत जातो. एकविसाव्या मिनिटाला रीडिंग येतं तेव्हा P ६.६३ झालेला असतो आणि K ०.४२. फिल्टरला जणू जाणीव असते की आपण बराच वेळ डोळे मिटून चाललो आहोत, म्हणून आता सेन्सरचं जास्त ऐकायला हवं. हे कुणी वेगळं लिहिलं नाही, P च्या हिशोबातूनच आलं.

दुसरा प्रसंग: पंप बंद झाला. आता पातळी जवळजवळ स्थिर, म्हणून u = ० आणि Q अगदी लहान, समजा ०.०१. पाणीही संथ झालं, त्यामुळे सेन्सरची चूक १ सेंमीवर आली आणि R = १. हे आपण फिल्टरला सांगितलं की पुढच्याच मिनिटाला P = १.३९ आणि K = ०.५८. गेन ०.१५ वरून एका उडीत ०.५८ वर गेला, कारण आपण त्याला सेन्सर सुधारल्याचं कळवलं. कळवलं नसतं, तर त्याला स्वतःहून ते कधीच समजलं नसतं.

गेन ऐकतो तो P, Q आणि R चं. सेन्सरचं ऐकतो तो x. त्यामुळे Q आणि R मध्ये तुम्ही जे लिहाल त्यावरच फिल्टरची सगळी समज उभी असते.

Q आणि R मोजायचे कसे

बरेच जण हे आकडे आलेख सुंदर दिसेपर्यंत फिरवत बसतात. त्यापेक्षा मोजणं बरं, आणि टाकीच्या बाबतीत ते अवघड नाही.

R साठी पंप चालू ठेवून रीडिंग घ्या, कारण हिंदकळणं तेव्हाच असतं. पाणी संथ असताना मोजलेला R पंप चालू असताना उपयोगाचा नाही. पण पातळी चढते आहे, मग चूक कशी कळणार? पाचदहा मिनिटांत शंभरेक रीडिंग घ्या, त्यांच्यातून एक सरळ रेषा बसवा आणि रीडिंग त्या रेषेपासून किती विचलित होतात ते पाहा. त्या विचलनांचा व्हेरिअन्स म्हणजे R. इथे एक चूक सर्रास होते: ३ सेंमीच्या जागी ९ लिहायचे असतात, पण लोक R = ३ लिहितात. फिल्टर चालतो, फक्त सेन्सरवर गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवतो, आणि कारण शोधण्यात आठवडा जातो. माझा गेला होता.

Q साठी पंप बरोबर १६ मिनिटं चालवा. सुरुवातीची आणि शेवटची पातळी पाणी संथ असताना पट्टीनं मोजा. अपेक्षित वाढ ३२ सेंमी. असे दहाबारा प्रयोग करा आणि ३२ पासूनचा फरक पाहा. फरक साधारण २ सेंमीचा असेल, तर व्हेरिअन्स ४, आणि तो १६ मिनिटांत साठलेला आहे, म्हणून मिनिटाला ४ / १६ = ०.२५. हाच आपला Q. स्वतंत्र चुकांचे व्हेरिअन्स बेरजेनं वाढतात, म्हणून हा भागाकार चालतो. याच कारणानं रीडिंग दर दहा सेकंदांनी घ्यायचं ठरवलं तर u सोबत Q सुद्धा सहानं भागावा लागतो. वेळेचं अंतर बदलून Q तसाच ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक.

आणि हो, रीडिंग फार जवळजवळ घेऊ नका. सेकंदाला दहा रीडिंग घेतलीत तर ती दहाही एकाच लाटेवर पडतात. फिल्टर त्यांना दहा स्वतंत्र साक्षी समजतो आणि P उगाच खाली जातो. लाट ओसरायला वेळ मिळेल इतकं अंतर ठेवा.

फिल्टर शांतपणे चुकतो तेव्हा

आता कोणीतरी टाकीखालचा नळ उघडला. पंप चालूच आहे, पण पातळी मिनिटाला २ ऐवजी १ सेंमीनंच वाढते. मॉडेलला नळाचा पत्ता नाही. काय होईल?

प्रत्येक भाकीत १ सेंमी जास्तीचं निघेल आणि दुरुस्ती त्यातला फक्त १५ टक्के भाग मागे खेचेल. चूक साठत जाईल आणि वीसेक मिनिटांत अशा जागी स्थिरावेल जिथे दर मिनिटाची दुरुस्ती दर मिनिटाच्या चुकीला पुरी पडते. ती जागा (१ − K) / K, म्हणजे ५.५ सेंमी. फिल्टर कायम साडेपाच सेंमी वर दाखवत राहील. आलेख मात्र अगदी गुळगुळीत दिसेल, आणि P ला विचारलं तर तो म्हणेल, चूक १.१७ सेंमी. P खोटं बोलत नाही. आपण त्याला जे मॉडेल दिलं ते खरं असेल तर चूक किती, एवढंच तो सांगतो. ते मॉडेल खरं आहे का, हे तो तपासत नाही.

ते तपासण्याची जागा वेगळी आहे: रीडिंग आणि भाकीत यांतली तफावत, म्हणजे `z - x`. सगळं ठीक असेल तर ही तफावत शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखीच पडायला हवी आणि तिचा व्हेरिअन्स P + R इतका असायला हवा. आपल्या स्थिर फिल्टरमध्ये तो १०.६३ आहे, म्हणजे साधारण ३.३ सेंमीचा पसारा. नळ उघडल्यावर तफावतीची सरासरी उणे ६.५ वर जाते. एकामागून एक सगळ्या तफावती ऋण येऊ लागल्या, की समजा मॉडेलमध्ये काहीतरी राहून गेलं आहे.

हे एका आकड्यात पकडायचं असेल तर दर वेळी तफावतीचा वर्ग घ्या, त्याला P + R नं भागा आणि शेवटच्या तीसचाळीस मिनिटांची सरासरी ठेवा. निरोगी फिल्टरमध्ये ती १ च्या आसपास राहते. नळ उघडल्यावर ती ५ वर जाते. सरासरी १ पेक्षा बरीच कमी राहिली, तर उलटी गोष्ट: Q किंवा R गरजेपेक्षा मोठे लिहिले आहेत. नवा फिल्टर उभा करताना मी हा आकडा अंदाजाच्या आलेखाआधी पाहतो.

इथे एक सापळा आहे. सेन्सरचा प्रतिध्वनी कधीकधी पाण्याऐवजी टाकीतल्या पाइपवरून येतो आणि रीडिंग एकदम ४० सेंमीनं उडतं. अशी रीडिंग वगळण्यासाठी लोक नियम घालतात: वर्ग भागिले (P + R) हे ९ च्या वर गेलं तर रीडिंग टाकून द्या. नियम चांगला आहे. पण मॉडेलच चुकलं असेल, तर हाच नियम खरी रीडिंगही टाकून देऊ लागतो आणि फिल्टर स्वतःच्या भ्रमात एकटा राहतो. म्हणून सलग किती रीडिंग टाकली ते मोजा. एखाददुसरं टाकलं तर दोष पाइपचा. सलग पाचसहा टाकावी लागली, तर बहुधा सेन्सर बरोबर आहे आणि आपण चुकलो आहोत. अशा वेळी P मुद्दाम मोठा करून फिल्टरला नव्यानं सुरुवात करू द्या.

नळाचं करायचं काय

सोपा उपाय म्हणजे Q वाढवणं. मॉडेलवर कमी विश्वास, सेन्सरवर जास्त. Q = ४ केला तर K ०.४८ वर स्थिरावतो आणि नळामुळे येणारी चूक ५.५ वरून १.१ सेंमीवर येते. किंमतही मोजावी लागते: सेन्सरची थरथर आता जास्त आत येते आणि यादृच्छिक चूक १.१७ वरून १.७ सेंमीच्या आसपास जाते. नळ क्वचितच उघडत असेल, तर ही किंमत दिवसभर भरत राहणं मला पटत नाही.

दुसरा उपाय म्हणजे जे माहीत नाही ते फिल्टरलाच शोधायला सांगणं. आतापर्यंत आपण फक्त पातळीचा अंदाज बांधत होतो. आता दोन गोष्टींचा बांधू: पातळी आणि दर मिनिटाची प्रत्यक्ष वाढ. वाढ २ पासून सुरू होईल, पण ती आता ठाम नसेल, तिलाही स्वतःची अनिश्चितता असेल.

प्रश्न असा की वाढ मोजणारा सेन्सरच नाही, मग ती दुरुस्त कशी होणार? दोन्हींच्या चुका एकमेकींत गुंतल्यामुळे. वाढीचा आकडा जास्त धरला गेला असेल, तर मिनिटभरानंतर पातळीचं भाकीतही जास्तच निघणार. हा गुंता आकड्यात धरणाऱ्या संख्येला को-व्हेरिअन्स म्हणतात. समजा पातळीचा व्हेरिअन्स ४ आहे, वाढीचा १, आणि सुरुवातीला गुंता शून्य. या एका पावलापुरता Q बाजूला ठेवू. मिनिटभराच्या भाकितानंतर पातळीचा व्हेरिअन्स ४ + १ = ५ होतो, आणि पातळी व वाढ यांचा को-व्हेरिअन्स १. आता गेनही दोन झाले. पातळीचा ५ / (५ + ९), वाढीचा १ / (५ + ९).

रीडिंग भाकितापेक्षा ७ सेंमी खाली आलं. पातळी ७ × ५ / १४, म्हणजे २.५ सेंमी खाली येते. आणि वाढ ७ / १४, म्हणजे अर्धा सेंमी कमी होऊन २ वरून १.५ वर येते. एका पातळीच्या रीडिंगनं न मोजलेली वाढही दुरुस्त केली. अशी काही मिनिटं गेली की वाढ १ च्या आसपास येते, तफावती पुन्हा शून्याभोवती खेळू लागतात, आणि वर तुम्हाला नळातून मिनिटाला किती पाणी जातं आहे तेही कळतं.

फक्त वाढीच्या भाकितातही थोडासा Q ठेवायला विसरू नका. तो शून्य ठेवला तर वाढीची अनिश्चितता आटत जाते, तिचा गेन शून्याकडे जातो, आणि तीन तासांनी उघडलेल्या नळाकडे फिल्टर ढुंकूनही पाहत नाही. वाढ अधूनमधून बदलू शकते, हे त्या छोट्या Q मधूनच त्याला सांगायचं असतं.

हीच युक्ती सगळीकडे लावता येईल असं मात्र नाही. अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाजाचा वेग ठरावीक धरून अंतर काढतो, पण हवेचं तापमान दहा अंशांनी बदललं तर तो वेग पावणेदोन टक्क्यांनी बदलतो. पाणी दीड मीटर खाली असेल तर अडीच सेंमीची चूक, आणि तीही सगळी एकाच बाजूला. मग तिसरी अज्ञात गोष्ट म्हणून सेन्सरची ही कायमची चूक फिल्टरमध्ये घालावी का? घालून पाहा, सुटत नाही. पातळी ३ सेंमी जास्त असणं आणि सेन्सर ३ सेंमी जास्त दाखवणं, या दोन्हींत रीडिंग हुबेहूब सारखीच येतात, आणि पंप तर फक्त बदल सांगतो, मूळ पातळी नाही. Q आणि R कितीही फिरवले तरी फिल्टरला या दोन शक्यता वेगळ्या करता येत नाहीत.

तिथे नवी माहितीच लागते. एक फ्लोट स्विच १८० सेंमीवर बसवा. तो उचलला गेला त्या क्षणी "पातळी १८०, चूक अर्धा सेंमी" असं एक रीडिंग फिल्टरला द्या, म्हणजे R = ०.२५. आपल्या एका अज्ञाताच्या साध्या फिल्टरमध्येसुद्धा त्या क्षणी K = १.६३ / १.८८, म्हणजे ०.८७ होतो आणि अंदाज जवळजवळ थेट १८० वर येऊन बसतो. सेन्सरची कायमची चूकही फिल्टरमध्ये धरली असेल, तर पातळी अशी पक्की झाल्यावर अल्ट्रासॉनिकच्या पुढच्या रीडिंगमध्ये उरलेली तफावत बहुतांश त्या चुकीच्या खात्यावर जाते, आणि टाकी रिकामी होऊन पुन्हा भरू लागते तेव्हा फिल्टर तेवढी वजा करूनच सुरुवात करतो.